दोन फासे, छत्तीस घरे: कोणती बेरीज किती वेळा येते ते मोजण्याची रीत

माझी भाची यंदा दहावीत आहे. संभाव्यतेच्या धड्यातले एक उदाहरण अडले म्हणून वही घेऊन आली. प्रश्न साधा होता: दोन फासे एकदम टाकले, तर वरच्या अंकांची बेरीज ७ येण्याची संभाव्यता किती? तिचे उत्तर आले होते १/७ आणि पुस्तकामागच्या उत्तरात होते १/६. आकडेमोड तिने चार वेळा तपासली होती. चूक सापडत नव्हती, कारण आकडेमोडीत चूक नव्हतीच.

वहीत तिने सगळ्या जोड्या नीट, क्रमाने लिहिल्या होत्या. आधी १-१, १-२ पासून १-६ पर्यंत. मग २-२ पासून २-६, पुढे ३-३ पासून ३-६, असे करत शेवटी ६-६. पहिल्या ओळीत सहा जोड्या, दुसरीत पाच, मग चार, तीन, दोन, एक. एकूण २१. त्यातल्या १-६, २-५ आणि ३-४ या तीन जोड्यांची बेरीज ७ येते, म्हणून ३/२१, म्हणजेच १/७.

"अगं, ४-३ कुठे आहे?" मी विचारले.

"मावशी, ते ३-४ मध्ये आलंच की. दोन्हीची बेरीज सातच ना?"

बेरीज सातच, हे खरे. तरीही ३-४ आणि ४-३ वेगळे मोजायचे, आणि ३-३ मात्र एकदाच मोजायचे. दोन फाशांच्या मोजणीत जे काही अवघड आहे ते एवढेच. हे एकदा मनापासून पटले, की बाकीचे काम पाच मिनिटांचे आहे. म्हणून इथेच थोडे थांबू.

पहिली पायरी: फाशांना ओळख द्या

घरातल्या व्यापार डावाच्या डब्यातून आम्ही दोन फासे काढले. दोन्ही पांढरेच निघाले, म्हणून एकाच्या सहाही बाजूंवर लाल स्केचपेनने बारीक ठिपका काढला. आता एक झाला लाल फासा आणि दुसरा पांढरा.

मग तिला म्हटले, लालवर ३ आणि पांढऱ्यावर ४ असे ठेव. तिने ठेवले. आता लालवर ४ आणि पांढऱ्यावर ३ ठेव. त्यासाठी तिला दोन्ही फासे उचलून फिरवावे लागले. मांडणी बदलली, म्हणजे ही दुसरी निष्पत्ती झाली. मग म्हटले, लालवर ३ आणि पांढऱ्यावर ३ ठेव. ठेवले. आता यांची अदलाबदल करून दाखव. फिरवण्यासारखे काहीच उरले नव्हते, दोन्हीकडे ३च होते. ३-३ एकदाच का मोजायचे ते इथे हातालाच कळते. ३ आणि ४ हे अंक येण्याचे रस्ते दोन आहेत, ३ आणि ३ येण्याचा रस्ता एकच.

यावर तिने जो प्रश्न विचारला तो प्रत्येक हुशार मूल विचारते: "पण फासे एकाच रंगाचे असले तर? मग तर फरक दिसणारच नाही."

फरक आपल्याला दिसत नाही, फाशांना मात्र त्याने काही होत नाही. ठिपका काढण्यापूर्वीही ते दोन वेगळे फासे होते आणि आपापले घरंगळत होते. स्केचपेनच्या ठिपक्याने त्यांचे पडणे बदलत नाही. म्हणजे रंगीत फाशांसाठी जी मोजणी खरी, तीच एकसारख्या फाशांसाठीही खरी. आपण फक्त ती डोळ्यांना दिसेल अशी केली. फासे एकदम टाकले काय किंवा एकामागून एक टाकले काय, त्यानेही काही बदलत नाही.

ही चूक करणारी ती एकटी नाही. कलनशास्त्राच्या निर्मात्यांपैकी एक असलेला लायब्निझ याने १७१४ साली एका पत्रात लिहिले होते, की दोन फाशांवर ११ आणि १२ येण्याची शक्यता सारखीच, कारण दोन्ही एकेकाच प्रकारे येतात. १२ साठी ६-६ आणि ११ साठी ५-६. त्याच्याही यादीतून ६-५ सुटले होते. आश्चर्य म्हणजे इटलीतल्या कार्डानोने दोन फाशांच्या ३६ निष्पत्ती त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात बरोबर मोजल्या होत्या. त्याचे ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापले गेले.

दुसरी पायरी: यादी अशी लिहा की काही सुटणार नाही

लालचा अंक नेहमी आधी लिहायचा, पांढऱ्याचा नंतर. लाल १ वर धरून ठेवायचा आणि पांढरा १ पासून ६ पर्यंत न्यायचा: (१,१), (१,२), (१,३), (१,४), (१,५), (१,६). मग लाल २ वर, आणि पांढरा पुन्हा १ पासूनच. भाचीची यादी नेमकी इथे बिघडली होती. तिने दुसरी ओळ (२,१) ऐवजी (२,२) पासून सुरू केली, कारण "एक आणि दोन येऊन गेलेत" असे तिला वाटले. लाल फाशाच्या सहा अंकांपैकी प्रत्येकाबरोबर पांढऱ्याचे सहाही अंक येऊ शकतात, म्हणून प्रत्येक ओळ सहाचीच हवी. सहा ओळी, प्रत्येकी सहा जोड्या, एकूण ३६. परीक्षेत याच यादीला नमुना अवकाश म्हणतात आणि n(S) = 36 असे लिहितात.

यादी तपासायला जोड्या पुन्हा मोजत बसू नका. ओळी एकाखाली एक सरळ लिहा आणि उभे पाहा. पहिल्या स्तंभात प्रत्येक जोडीचा दुसरा अंक १ असला पाहिजे, दुसऱ्यात २, आणि असेच पुढे. एखादी जोडी सुटली असेल तर तिच्यापुढचा स्तंभ लगेच वाकडा होतो आणि नजरेत भरतो.

तिसरी पायरी: जोडीऐवजी बेरीज लिहा

आता त्याच छत्तीस घरांत जोडीच्या जागी तिची बेरीज भरा. डावीकडे लाल फासा, वर पांढरा.

| लाल \ पांढरा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ |
| २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ |
| ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ |
| ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० |
| ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० | ११ |
| ६ | ७ | ८ | ९ | १० | ११ | १२ |

हा तक्ता छापील पाहण्यापेक्षा एकदा स्वतःच्या हाताने भरावा. भरताना लक्षात येते, की सारख्या बेरजा तिरक्या रांगेत बसतात. खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या ७ वर बोट ठेवा आणि तिरके वर, उजवीकडे सरका. वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत सगळे ७च लागतात आणि ते सहा आहेत. त्याच्या शेजारच्या तिरक्या रांगा पाच-पाच घरांच्या: एका बाजूला ६, दुसऱ्या बाजूला ८. पुढच्या रांगा चार-चारच्या, ५ आणि ९. अशा आखूड होत होत दोन कोपऱ्यांत एकेकच घर उरते, २ आणि १२.

| बेरीज | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९ | १० | ११ | १२ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|---|
| किती घरे | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ५ | ४ | ३ | २ | १ |

व्यापार खेळताना आपल्या घरापासून सातव्या घरावर पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, असे जाणते खेळाडू सांगतात ते यामुळेच. एका टाकीत सातवे घर लागण्याचे सहा रस्ते आहेत, बारावे लागण्याचा एकच.

तक्ता न काढता मोजायचे असेल तर

परीक्षेत पूर्ण तक्ता काढायला वेळ असतोच असे नाही. तेव्हा लाल फाशाला एकेक अंक द्या आणि पांढऱ्यावर किती हवे ते विचारा.

बेरीज ९ घेऊ. लालवर १ असेल तर पांढऱ्यावर ८ हवेत, ते फाशावर नाहीत. लालवर २ असेल तर ७ हवेत, तेही नाहीत. लाल ३, तर पांढरा ६. इथे जमले. लाल ४ तर ५, लाल ५ तर ४, लाल ६ तर ३. म्हणजे चार निष्पत्ती: (३,६), (४,५), (५,४), (६,३).

आता बेरीज ७. लालवर काहीही आले तरी पांढऱ्यावर हवा असलेला अंक १ ते ६ मध्येच असतो. लाल १ तर ६, लाल ६ तर १. लालचा एकही अंक वाया जात नाही. ७ ला सर्वांत जास्त, पूर्ण सहा घरे मिळतात त्याचे कारण हे. इतर प्रत्येक बेरजेत लालचे काही अंक वाया जातात. ७ पेक्षा जितके दूर जाल तितके जास्त अंक वाया.

यातूनच नियम निघतो. बेरीज ७ किंवा त्याहून कमी असेल तर बेरजेतून १ वजा करा: बेरीज ५, तर चार घरे. बेरीज ७ पेक्षा जास्त असेल तर ती १३ मधून वजा करा: बेरीज १०, तर तीन घरे. नियम पाठ असला तरी उत्तरपत्रिकेत घटनेच्या जोड्या लिहून दाखवा. जोड्या लिहिताना स्वतःची चूक स्वतःलाच सापडते.

दोन्ही बाजू अशा सारख्या का, हे मला सर्वांत आवडणारे आहे आणि ते फाशावरच पाहता येते. नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते: १ च्या पाठीमागे ६, २ च्या पाठीमागे ५, ३ च्या पाठीमागे ४. आमच्याकडे काचेचे टेबल आहे. त्यावर फासे टाकले आणि भाचीला खाली वाकून काचेतून पाहायला सांगितले. मला वरून ४ दिसत होते, १ आणि ३. तिला खालून १० दिसले, ६ आणि ४. पुन्हा टाकले. वर ९, खाली ५. वरची आणि खालची बेरीज मिळून नेहमी १४. म्हणजे वर ४ येण्याची प्रत्येक तऱ्हा ही खाली १० येण्याचीही तऱ्हा आहे. म्हणून ४ ची घरे आणि १० ची घरे समान असलीच पाहिजेत. ७ च्या खाली मात्र ७च येतात, त्यामुळे तो मधोमध एकटा.

मोजणी बरोबर आहे का ते कसे कळेल

सगळ्या घरांची बेरीज ३६ यायला हवी: १+२+३+४+५+६+५+४+३+२+१. ती ३५ किंवा ३४ आली, तर एखादी उलटी जोडी राहून गेली असे बहुतेक वेळा समजावे. दुसरी तपासणी सम-विषमची. सम बेरजा (२, ४, ६, ८, १०, १२) मिळून १८ घरे आणि विषम बेरजा मिळून १८ घरे. तक्त्यात त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक येतात, म्हणून अर्ध्या-अर्ध्या.

आणखी एक चूक पाहण्यासारखी आहे. काही मुले यादी करतच नाहीत. बेरीज २ ते १२ यांपैकी काहीतरी येणार, म्हणजे शक्यता ११, असे धरतात. मग "बेरीज मूळ संख्या असणे" या घटनेला २, ३, ५, ७, ११ अशा पाच संख्या मोजून ५/११ लिहितात. अकरा बेरजा आहेत हे बरोबर, पण त्या समसंभाव्य नाहीत. १२ ला एक घर आणि ७ ला सहा, मग दोघांना सारखे कसे मोजणार? प्रत्येकीची घरे घ्या: १+२+४+६+२ = १५. संभाव्यता १५/३६, म्हणजे ५/१२.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. "बेरीज किमान १०" म्हणजे १० धरून: ३+२+१ = ६ घरे, संभाव्यता १/६. "बेरीज १० पेक्षा जास्त" म्हणजे १० सोडून: २+१ = ३ घरे, संभाव्यता १/१२. एका शब्दाने उत्तर निम्मे होते.

खरोखर टाकून पाहायचे असेल तर

इतके सांगूनही भाचीच्या मनात २१ ची यादी कुठेतरी होतीच, आणि मला ते रास्त वाटले. फाशांचीच साक्ष काढायची ठरवली. पण कशावर पैज लावायची, हे आधी ठरवावे लागते.

७ किती वेळा येतात ते मोजून निकाल लागत नाही. ३६० वेळा टाकले तर आपल्या हिशोबाने ७ साधारण ६० वेळा यावेत आणि २१ च्या हिशोबाने साधारण ५१ वेळा. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. त्याऐवजी जोड मोजा, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखा अंक. ३६ च्या यादीत जोड सहा आहेत, ६/३६. २१ च्या यादीतही सहाच, पण तिथे ६/२१ होतात. म्हणजे ३६० टाकींत आपल्या हिशोबाने जोड साधारण ६० वेळा आणि तिच्या हिशोबाने साधारण १०३ वेळा. फासे चांगले असतील तर खरा आकडा ६० च्या आसपास, बहुतेक वेळा ४६ ते ७४ यांमध्ये पडतो. १०३ इतका दूर आहे की संशयाला जागाच राहत नाही. चुकीच्या यादीचा दोषही यातून दिसतो: उलट्या जोड्या गाळल्यामुळे तिच्यात जोडांना वाजवीपेक्षा जास्त वजन मिळते.

फासे पेल्यात खुळखुळवून जाड टॉवेलवर पालथे करा, हाताने घरंगळवू नका. एकाने टाकायचे, दुसऱ्याने ताळ्याच्या खुणा करायच्या. फासा कशाला टेकून तिरका राहिला तर ती टाक रद्द, पण हे आधी ठरवा. नको असलेला अंक आला म्हणून रद्द करू नका. आणि ३६ टाकींवर थांबू नका. तेवढ्यात जोड ६ वेळा अपेक्षित, दुसऱ्या हिशोबाने १०. हे दोन आकडे एकमेकांत सहज मिसळतात. ३६ वेळा टाकले की प्रत्येक घर एकेकदा येईल असाही समज असतो. तसे होत नाही. काही घरे दोन-तीनदा येतात, काही येतच नाहीत.

हजार टाकींनंतरही एखादी बेरीज सतत जास्त येत राहिली तर फाशावर संशय घ्या. कडा झिजलेल्या किंवा एका बाजूला जड असलेल्या फाशालाही निष्पत्ती ३६च असतात, यादी तीच राहते. पण ती घरे समसंभाव्य राहत नाहीत आणि नुसती घरे मोजून संभाव्यता काढता येत नाही.

तिसरा फासा आला तर

जाताना भाचीने विचारले, तीन फासे असले तर? हा प्रश्न इटलीत गॅलिलिओपुढेही आला होता. तीन फाशांवर ९ आणि १० या दोन्ही बेरजा सहा-सहा प्रकारे जमतात, तरी अनुभवी जुगाऱ्यांना १० जास्त वेळा येताना दिसत. असे का?

आपल्या ठिपक्याचाच नियम लावायचा. तिन्ही अंक वेगळे असतील तर ते तीन फाशांवर सहा तऱ्हांनी बसतात. दोन सारखे असतील तर तीन तऱ्हांनी. तिन्ही सारखे असतील तर एकाच तऱ्हेने. ९ चे सहा प्रकार: ६-२-१, ५-३-१ आणि ४-३-२ यांच्या सहा-सहा, ५-२-२ आणि ४-४-१ यांच्या तीन-तीन, आणि ३-३-३ ची एक. एकूण २५. १० चे सहा प्रकार: ६-३-१, ५-४-१ आणि ५-३-२ यांच्या सहा-सहा, ६-२-२, ४-४-२ आणि ४-३-३ यांच्या तीन-तीन. एकूण २७. सगळ्या निष्पत्ती ६ × ६ × ६, म्हणजे २१६.

२१६ पैकी २५ आणि २७. तिने वहीत दोन्ही बेरजा स्वतः करून पाहिल्या, मग ३-३-३ भोवती लाल पेनाने गोल केला.